आठ वाजताचा झाडू

दिपालीला झाडू मारायला मीच शिकवलं होतं, आणि मीच तो तिच्या हातातून काढून घेतला. मधल्या दोन वर्षांत त्या झाडूवरून मी तिची किती टिंगल केली त्याला मोजदाद नाही.

माझं नाव सम्यक वाहुळे. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझा छोटा गाळा आहे. लोकांचे कॉम्प्युटर सांभाळायचं काम. एकोणीस ऑफिसांशी वर्षाचा करार आहे, त्यातलं एक वर्सोव्याच्या मच्छीमार सोसायटीचं. जेट्टीच्या तोंडाशी, बर्फाच्या कारखान्याला लागून एक खोली. तिथे एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक कपाट, आणि दिपाली. कोळ्यांची पोरगी, बी.कॉम. झालेली, तोंडाने फटकळ. तिचे वडील हरेश्वर नाखवा, म्हणजे बोटीचे मालक; आई सरूबाई बाजारात मासळी विकायची. सोसायटीच्या बोटींवर लोकेशन सांगणारी यंत्रं बसवलेली. एका खासगी कंपनीची वेबसाइट होती, तिच्यावर नकाशा, नकाशावर ठिपके. एक ठिपका म्हणजे एक बोट. कंपनीने लॉगिन त्या एकाच मशीनला बांधून दिलेलं, म्हणून तो कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू असायचा. गावच्या बायका येता-जाता खिडकीतून विचारायच्या, "दिपाली, आमचा कुठवर आयला?" आणि ही स्क्रीनकडे बघून सांगायची.

झाडूची गोष्ट अशी. दोन वर्षांपूर्वी एकदा सोसायटीची स्वतःची वेबसाइट दुसऱ्या कंपनीकडे नेली. सगळ्यांना नवी दिसत होती, दिपालीच्या मशीनवर जुनीच. मी गेलो, कमांड टाइप करायची काळी खिडकी उघडली, ipconfig /flushdns असं टाइप केलं, एंटर मारला, ब्राउझर बंद करून परत उघडला. नवी साइट समोर. दिपालीने जादूगाराकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

"काय केलंस रे?"

माझी छाती फुगली. मी समजावलं. कॉम्प्युटरला वेबसाइटचं नाव कळत नाही, त्याला नंबरातला पत्ता लागतो. तो पत्ता तो नेटवाल्याच्या सर्व्हरला विचारतो आणि एका चिठ्ठीवर लिहून ठेवतो, म्हणजे परत परत विचारायला नको. चिठ्ठी किती वेळ ठेवायची तेही उत्तरासोबतच येतं, कधी पाच मिनिटं, कधी पूर्ण दिवस. मधल्या काळात साइटने घर बदललं तर आपला कॉम्प्युटर चिठ्ठी बघून जुन्याच घरी जातो. "मी फक्त चिठ्ठ्या झाडून टाकल्या. आता तो नव्याने विचारतो."

"म्हणजे झाडू मारलास."

"झाडू मारला, हो."

तिच्या सोयीसाठी मी डेस्कटॉपवर एक छोटी फाइल करून ठेवली. डबल क्लिक केलं की ब्राउझर बंद, चिठ्ठ्या साफ, ब्राउझर परत चालू आणि समोर नकाशा. फाइलचं नाव ठेवलं झाडू. हौस माझीच.

तिथून वाट लागली. दिपाली रोज सकाळी आठला ऑफिस उघडायची, देवाला उदबत्ती लावायची आणि झाडू मारायची. प्रिंटरमध्ये कागद अडकला की झाडू. नेट संथ झालं की झाडू. पासवर्ड चुकला तरी झाडू. मी गेलो की ती ऐटीत सांगायची, "मी झाडू मारून बघितला, तरी होत नाय." मला आधी हसू यायचं, मग वैताग यायला लागला. माझा स्वभाव असा आहे की अडाण्याला मी चालवून घेतो, पण अर्धवट शिकलेल्याचा मला राग येतो. स्वतः अर्धवट शिकलेल्या माणसाला हा राग जास्त येतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्या दिवशी तुळशीचं लग्न होऊन आठवडा झाला असेल. मी सोसायटीत महिन्याच्या फेरीला गेलो होतो, आणि आदल्याच आठवड्यात तिने स्कॅनर चालत नाही म्हणून झाडू मारला होता. केबल निघालेली होती. मी तडकलो.

"अगं, ही काय हळद-कुंकू आहे का? उठलं की वाहिलं?"

"काय बिघडतं रे केलं तर?"

"काही बिघडत नाही, काही होतही नाही. साइट उघडतच नसेल तेव्हा करायचं. साइट उघडतेय म्हणजे DNS, ती पत्त्याची चिठ्ठी, बरोबर आहे. एवढं साधं लक्षात ठेव. पान उघडलं, विषय संपला."

असं म्हणून मी झाडू फाइल डिलीट केली. तिच्या समोर. ती म्हणाली, "बरं, तू हुशार." ते बोचलं, पण मी चहा पिऊन निघालो.

मी सांगितलेला नियम चुकीचा होता. दोन वर्षांपूर्वी तिची जुनी वेबसाइटही उघडतच होती की! झकास उघडत होती. तो दिवस मी स्वतःच विसरलो होतो. गुरु शिकवून मोकळा होतो, शिष्य मात्र नियम पाळत बसतो.

पुढल्या बुधवारी कोळीवाड्यात हळद होती. मोठ्या घरची, त्यामुळे अख्खा गाव मांडवात. बोटी सगळ्या खाडीत बांधलेल्या. गेला तो एकटा हरेश्वर नाखवा. त्याची डोल लावलेली होती. डोल म्हणजे समुद्रात ठरलेल्या जागी खुंटाला बांधलेलं मोठं जाळं. पाणी ज्या बाजूला ओढतं त्या ओढीने मासळी आपोआप त्यात शिरते. त्या जागेला ते लोक कव म्हणतात. बोट कवेवर नांगरून तासन् तास थांबते, पाणी फिरलं की जाळं उपसायचं. हळद आहे म्हणून पाणी थांबत नाही, असं म्हणत हरेश्वर नाखवा रात्री दहाला निलेश नावाच्या खलाशाला घेऊन निघाला. सरूबाईने डबा दिला. लेकीने निघताना सांगितलं, "बाबा, सकाली बघते मी तुला." हे मला नंतर कळलं.

सकाळी आठला दिपालीने ऑफिस उघडलं. उदबत्ती लावली. झाडू नव्हता, म्हणून मारला नाही. नकाशा रात्रीपासून उघडाच होता, तिने रिफ्रेशचं बटण दाबलं. खाडीत सगळे ठिपके बांधल्या जागी, आणि दूर पश्चिमेला एकच ठिपका, बरोब्बर बापाच्या कवेवर. हलत नव्हता. हलणारच नाही. डोलीची बोट हलली तरच नवल.

नऊला यायला हवी होती बोट. साडेनऊला सरूबाई पाटी घेऊन खिडकीशी आली.

"पोरी, कुठवर आयला गं तुझा बापूस?"

"कवेवरच हाय आये. हलला नाय. दुसरं पानी घेऊन येल."

ओहोटीचं जाळं रिकामं निघालं की नाखवे भरतीचंही घेऊन येतात. नेहमीचं आहे. सरूबाई "बरं" म्हणाली आणि बाजारात जाऊन बसली. वर्सोव्याचा कुठलाही कोळी त्या ठिपक्याकडे बघून हेच म्हणाला असता. दुसऱ्या कुणी कदाचित विचारलं असतं की ही बोट इतका वेळ एका जागी का. त्यांनी विचारलं नाही, कारण त्यांना उत्तर माहीत होतं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी दिपालीचा फोन आला. मी बोरिवलीत एका चार्टर्ड अकाउंटंटच्या ऑफिसात प्रिंटर उघडून बसलो होतो. हात शाईने काळे, बाजूला अकाउंटंट उभा राहून दर दोन मिनिटांनी "कितना टाइम?" विचारतोय. फोन कानाला लावला तोच चिडून.

"सम्यक, नकाशाचं पान अडकल्यासारखं वाटतं रे. बाबाच्या ठिपक्यावर क्लिक केलं तर शेवटची नोंद एक चाळीसची दाखवतंय. रात्रीच्या."

"आधी असं झालंय का?"

"होतं कधी कधी. यंत्राला सिग्नल नसला की दोन-तीन तास येत नाय. पन नऊ तास? झाडू मारू का? ती ओळ मी लिहून घेतलीय वहीत."

"दिपाली, पान उघडतंय ना?"

"उघडतंय."

"रिफ्रेश होतंय?"

"होतंय."

"मग झाडूचा काय संबंध? परवाच सांगितलं ना? पान उघडतंय म्हणजे DNS ठीक आहे. यंत्र बंद पडलं असेल बोटीवरचं. कंपनीला फोन लाव."

"लावला. बिझी लागतोय सकालपासून."

"मग परत लाव. मी कामात आहे यार."

मी फोन ठेवला. पंचेचाळीस सेकंदांचा फोन. नंतर मी कितीदा तरी तो कॉल लॉगमध्ये काढून बघितला आहे. ती ओळ तिच्या वहीत होती. तिला फक्त माझा होकार हवा होता.

एक वाजता भरतीचं पाणीही फिरलं आणि बोट आली नाही, तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी सीतारामनाना उठले. हळदीच्या मांडवातून पोरं उठवली, दोन बोटी काढल्या. सरकारी शोधपथकालाही फोन केला. जागा कोणती? दिपालीने स्क्रीनवरचे आकडे वाचून दाखवले. सगळे त्या आकड्यांवर गेले. दोनच्या सुमाराला वायरलेसवर आवाज आला. कवेवर जाळं आहे, बोये तरंगताहेत, नांगराची तुटलेली दोरी आहे. बोट नाही.

सीतारामनानांनी मला फोन केला तेव्हा ते ओरडत नव्हते. नाना नेहमी ओरडून बोलतात, म्हणूनच मला भीती वाटली.

"वाहुळे, तुमचा तो ठिपका अजून तिथंच हाय. आमची पोरं त्या ठिपक्यावर उभी हायेत आनि तिथं कायच नाय. तुम्ही या."

चारकोपहून वर्सोव्याला लिंक रोडने बाइकवर मला पाऊण तास लागला. पोचलो तेव्हा पावणेतीन. ऑफिसात माणसं दाटलेली. सरूबाई जमिनीवर भिंतीला टेकून बसलेली, समोर मासळीची पाटी तशीच. दिपाली खुर्चीवरून उठली आणि मला जागा दिली.

मी काळी खिडकी उघडली. आधी nslookup करून त्या साइटचं नाव टाकलं. ही कमांड चिठ्ठ्यांकडे बघत नाही, सरळ सर्व्हरला विचारते. उत्तरात एक पत्ता आला. मग त्याच नावाला ping केलं. ping कॉम्प्युटर सांगेल त्या पत्त्यावर जातो, चिठ्ठी असली तर चिठ्ठीवरच्या. तिथे दुसराच पत्ता आला.

दोन पत्ते.

कुणी हाताने जुना पत्ता कॉम्प्युटरमधल्या पत्त्यांच्या फाइलीत लिहून ठेवलेला नाही ना तेही बघितलं. तसं असतं तर झाडूचाही उपयोग झाला नसता, आणि मला थोडा तरी आडोसा मिळाला असता. फाइल कोरी होती. मग ipconfig /displaydns मारून चिठ्ठ्या वाचल्या. यादीत ते नाव होतं, जुना पत्ता होता, आणि खाली उरलेली मुदत सेकंदांत. आठ हजार एकशे आणि काहीतरी. म्हणजे सव्वादोन तास. चिठ्ठी काल संध्याकाळी पाचला लिहिलेली, एका दिवसाच्या मुदतीची. आज पाचला ती आपोआप गळून पडली असती.

मी ipconfig /flushdns टाइप केलं. दोनदा चुकलं. ब्राउझर पूर्ण बंद केला, उघडला. लॉगिन. नकाशा.

खाडीतले ठिपके जागेवर. पश्चिमेचा ठिपका जागेवर नव्हता. कवेपासून एक लांब रेघ निघाली होती, पहाटे साडेपाचपासूनची, हळूहळू वाहत गेलेली, दर पंधरा मिनिटांना एक खूण. साडेआठला ती रेघ मढच्या समोर होती, किनाऱ्यापासून जेमतेम चार मैल. तिथून वाऱ्याने तिला उत्तरेला आणि बाहेर नेलं होतं. सव्वाअकराला गोराईच्या पुढे. शेवटची खूण एक वाजून पन्नास मिनिटांची. त्यानंतर काही नाही.

कुणीतरी मागून विचारलं, "म्हंजे सकालपासून हे दिसत होतं?"

"या मशीनवर दिसत नव्हतं," मी म्हणालो.

सीतारामनानांनी तिथल्या तिथे नवे आकडे वायरलेसवर सांगितले. बोटी वळल्या. तेवढ्यात कंपनीचा फोन लागला. देवव्रत नावाचा कुणी पोरगा सपोर्टला होता, बिचारा सकाळपासून शेकडो फोन घेऊन घसा बसलेला. त्याने सांगितलं, रात्री दोनला सर्व्हर बदलला. यंत्रांच्या नोंदी तेव्हापासून नव्याकडे जातात. जुना सर्व्हर दोन दिवस चालू ठेवायचा, म्हणजे कुणाचं पान बंद पडणार नाही. "मेल पाठवला होता सर, जुनं दिसलं तर DNS कॅश फ्लश करा म्हणून. तुमच्या सोसायटीच्या रजिस्टर्ड आयडीवर." म्हणजे झाडूच मारा. रजिस्टर्ड आयडी आधीच्या सेक्रेटरींचा होता. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली.

जुनं घर दोन दिवस उघडं ठेवलं, म्हणजे कुणी दारातून परत जाऊ नये. म्हणूनच पान उघडत होतं. बंद पडलं असतं तर दिपालीने सकाळी आठलाच आरडाओरडा केला असता, आणि मीच ऐटीत म्हणालो असतो, मार आता झाडू.

मी बाहेर येऊन सोसायटीला नेट देणाऱ्या केबलवाल्याला फोन केला. मला एक आशा होती, लाज वाटते सांगायला. नेटवाल्याच्या सर्व्हरनेच दुपारपर्यंत जुना पत्ता धरून ठेवला असेल, तर सकाळी झाडू मारूनही जुनंच उत्तर आलं असतं. मग दोष माझा नव्हता. मी विचारलं, तुमचा DNS सर्व्हर नवी उत्तरं कधीपासून देतोय? तो म्हणाला, "साहेब, आमचा रोज पहाटे पाचला रीस्टार्ट होतो. पाचनंतर सगळं ताजं." ती आशाही गेली.

शेवटच्या खुणेवर बोटी पोचल्या तेव्हा सूर्य टेकला होता. निलेश सापडला, डिझेलच्या रिकाम्या पिंपाला धरून. हरेश्वर नाखवा तीन दिवसांनी गोराईच्या किनाऱ्याला लागला.

दहाव्याला मी गेलो. जाऊ नये असं वाटत होतं, पण न जाणं त्याहून वाईट होतं. दाराशी उभा राहिलो. मला कुणी बस म्हणालं नाही आणि जा पण म्हणालं नाही. निलेश ओट्यावर बसला होता, तळहाताची सालटी निघालेली. लोकांनी विचारलं म्हणून तो परत सगळं सांगत होता. किती वेळा सांगून झालं असेल. आवाजात काही उरलं नव्हतं.

पहाटे बोटीच्या पंख्यात कुणाच्या तरी फाटक्या जाळ्याची दोरी गुंतली. इंजिन बंद. ओढीला नांगराची दोरी तुटली. मागून पाणी शिरलं, बॅटरी गेली, बॅटरीबरोबर वायरलेस गेला. मोबाइलला रेंज नाही. लोकेशनचं यंत्र मात्र चालू होतं, त्याची बॅटरी वेगळी. त्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता.

"मी बोललो नाखव्याला, पवत जाऊ, मढ दिसतंय. मना जमलं असतं. नाखवा बोलला, बोट सोडायची नाय. यो हिरवा दिवा हाय ना, तवर दिपाली आपल्याला बघतेय. आठला ती ऑफिस उघडते. आठ वाजू दे. येतील."

निलेशने तळहात मांडीवर उलटे ठेवले.

"आठ वाजले. मग बोलला, नऊला. मग बोलला, पोरांना हलदीची झोप असल, अकराला येतील. पानी उपसत होतो दोघं. एक वाजेपर्यंत तो दर घटकेला त्या दिव्याकडं हात दाखवायचा."

घरात कुणी रडलं नाही. रडून झालेलं होतं. दिपाली आतल्या दारात उभी होती, तिने ऐकलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. मी चप्पल घालून निघालो आणि जेट्टीवरच्या भिंतीशी उभा राहून ओकलो.

सोसायटीने करार मोडला नाही. मी नानांना म्हणालो, दुसरा माणूस बघा. नाना म्हणाले, "दुसरा कोन? त्याला हे माहीत असल का?" हा टोमणा होता की विश्वास ते मला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

महिन्याने मी फेरीला गेलो. दिपाली कामावर आली होती. केस मागे घट्ट बांधलेले, कपाळ मोकळं. मी काही बोलण्याआधी तिने वही काढली.

"सम्यक, मना नीट सांग. झाडूचा उपयोग कधी होतो आनि कधी नाय. सगलं. या वक्ताला अर्धं सांगू नको."

मी सांगितलं. साइट उघडते की नाही यावर ठरवायचं नाही. नावाचा पत्ता बदललाय आणि आपल्या मशीनला जुना आठवतोय, तेव्हाच उपयोग. आधी nslookup, मग ping. दोन्हीकडे दोन वेगळे पत्ते आले तर झाडू मार आणि ब्राउझर बंद करून उघड. दोन्हीकडे तोच जुना आला तर चिठ्ठी नेटवाल्याकडे आहे, आपल्या झाडूने जाणार नाही, वाट बघावी लागते. दोन्हीकडे बरोबर पत्ता आला तर दुखणं दुसरंच आहे. प्रिंटर, केबल, संथ नेट, बोटीवरचं बंद पडलेलं यंत्र, यातलं काहीच झाडूने सुधारत नाही. तिने सगळं सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. मधे एकदाही मान वर केली नाही.

मग तिने पेन बंद केलं.

"त्या दिवशी मी आठला मारला असता तर?"

मी या प्रश्नाची महिनाभर तयारी केली होती. सांगायला बरंच होतं. कंपनीने मेल मेलेल्या माणसाला पाठवला. मुदत एका दिवसाची ठेवली. लॉगिन एकाच मशीनला बांधलं. हळद होती, जाळ्याची दोरी होती, नांगर होता. सगळं खरं होतं.

"तर दिसलं असतं," मी म्हणालो.

"साडेआठला मढच्या समोर होता."

"हो."

"आनि अकराला? मी फोन केला तवा?"

"तेव्हाही दिसलं असतं. गोराईच्या जवळ. तरंगत होती बोट तेव्हा." मी कीबोर्ड बाजूला सारला. "दिपाली, मी नको म्हणालो. तू बरोबर होतीस."

"मी बरोबर नव्हते रे," ती म्हणाली. "मना काय कललं होतं? मी तर प्रिंटरला पन मारायची." तिने वही मिटली. "पन मी मारला असता."

बाहेर बर्फ फोडण्याचा आवाज येत होता. मी काहीतरी करायचं म्हणून रिसायकल बिन उघडला. झाडू फाइल अजून तिथेच होती, मी टाकलेल्या तारखेसकट. मी ती परत जागेवर आणून ठेवली.

आता मी फेरी सकाळीच ठेवतो. आठच्या आधी पोचतो. दिपाली शटर वर करते, उदबत्ती लावते, खुर्चीवर बसते आणि झाडूवर डबल क्लिक करते. काळी खिडकी येते, कॅश साफ झाल्याची ओळ येते, नकाशा उघडतो. खाडीतले, समुद्रातले सगळे ठिपके जागच्या जागी असतात. एक ठिपका राखाडी आहे, गोराईच्या पुढे, एक वाजून पन्नास मिनिटांचा. कंपनीला सांगितलं तर ते काढून टाकतील. तिने सांगितलेलं नाही.

परवा मला राहवलं नाही. म्हणालो, "दिपाली, कालपासून कुठलाच पत्ता बदललेला नाही. मी बघितलंय. आज मारून काही फरक पडत नाही."

"माहीत हाय," ती म्हणाली, आणि त्या राखाडी ठिपक्यावर क्लिक करून बघितलं. मग तिने ब्राउझर बंद केला आणि परत एकदा झाडू मारला.